शेवटची ओळ आणि पहिली ओळ

बँकेच्या खातेवहीत शिल्लक शोधायची असेल तर नजर कुठे जाते, हे कुणी शिकवावे लागत नसे. पान उघडले की डोळे आपोआप खालच्या, शेवटच्या नोंदीवर जाऊन थांबत. वरच्या ओळी खऱ्याच असत, पण त्या त्या त्या दिवसापुरत्या खऱ्या. आजचे सत्य तळाशी. दुकानाच्या वहीतही हेच चालते. मुनीमजींना ‘तूरडाळीचा भाव काय?’ असे विचारले तर ते पहिल्या पानावरचा भाव वाचून दाखवत नाहीत; सर्वांत अलीकडे लिहिलेला भाव सांगतात. प्रश्नात ‘आजचा’ हा शब्द नसतो, तो ऐकणारा मनातल्या मनात घालून घेतो.

संगणक असा शब्द मनाने घालत नाही. त्याला ‘तूरडाळीचा भाव’ विचारला तर तो यादीच्या वरच्या टोकापासून वाचायला लागतो आणि तूरडाळ हे नाव जिथे पहिल्यांदा भेटेल तिथे थांबतो. खाली आणखी दहा तूरडाळी असल्या तरी त्याच्या दृष्टीने काम संपलेले असते. निवृत्तीनंतर काही व्यापारी स्नेह्यांच्या हिशेबाच्या फायली पाहण्याचा योग येतो, आणि त्यांतल्या भावाच्या याद्यांत ही एकच गोष्ट मला वारंवार आढळली आहे. म्हणून आज तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

एक्सेलमध्ये यादीतून किंमत शोधून आणण्यासाठी पूर्वी सर्वजण VLOOKUP वापरत. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याच्या जागी XLOOKUP हे नवे फंक्शन जाहीर केले. ते वापरायला सोपे आहे. काय शोधायचे, कोणत्या स्तंभात शोधायचे आणि कोणत्या स्तंभातले उत्तर आणायचे, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की पुरते. पण या तीन गोष्टींत ‘कोणत्या टोकाकडून शोधायचे’ हे कुठेच आलेले नाही. ते सांगितले नाही तर XLOOKUP वरून खाली शोधते. VLOOKUP नेमकी जुळणी शोधताना हेच करत असे. फरक इतकाच की त्याला दिशा बदलायला सांगण्याची सोयच नव्हती, XLOOKUP ला ती आहे.

माझ्या एका स्नेह्यांचे धान्य-किराण्याचे घाऊक दुकान आहे. त्यांच्या पुतण्याने उत्साहाने बिलाची फाईल तयार केली. एका पानावर भावाची यादी, दुसऱ्यावर बिले. भावाच्या यादीला त्याने Ctrl+T दाबून रीतसर टेबल केले होते आणि त्याला Rates असे नाव दिले होते. हे त्याने फार चांगले केले, कारण टेबलाखाली नवी ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढते आणि सूत्रात ती ओळ धरली जाते. दोन ते पाचशे अशा ठरावीक ओळी सूत्रात लिहिल्या असत्या तर पाचशेएकावी नोंद, म्हणजे नेमकी सर्वांत ताजी नोंद, शोधाच्या बाहेर राहिली असती.

यादीचा सुरुवातीचा भाग साधारण असा होता. भाव किलोचे आहेत.

| Date | Item | Rate |
|---|---|---|
| १ एप्रिल | तूरडाळ | १४२ |
| १ एप्रिल | साखर | ४० |
| १ एप्रिल | चणाडाळ | ८४ |
| २२ एप्रिल | तूरडाळ | १४८ |
| ६ मे | साखर | ४१ |
| १३ मे | तूरडाळ | १५५ |

बिलाच्या पानावर A स्तंभात तारीख, B मध्ये मालाचे नाव, C मध्ये किलो आणि D मध्ये भाव. भावासाठी सूत्र असे:

```
=XLOOKUP(B2,Rates[Item],Rates[Rate])
```

२० मे रोजी एका गिऱ्हाइकाला ३०० किलो तूरडाळ गेली. सूत्राने १४२ हा भाव आणला आणि बिल ४२,६०० रुपयांचे झाले. त्या दिवसाचा भाव १५५ होता, म्हणजे बिल ४६,५०० चे व्हायला हवे होते. एका बिलात ३,९०० रुपये कमी. हे लक्षात आले तेही बिलावरून नव्हे, तर खरेदीवरून. तीच डाळ १४७ ने घेतलेली होती, आणि घेतलेल्या भावापेक्षा कमी भावाने विकली कशी, असे स्नेह्यांनी पुतण्याला विचारले तेव्हा. ‘काका, सूत्र बरोबर आहे, चणाडाळीचा भाव अगदी बरोबर येतो,’ असे तो मला म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते, आणि ही चूक इतके दिवस लपून राहण्याचे कारणही त्यातच होते. चणाडाळीची नोंद यादीत एकदाच आहे. पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकच असल्यावर वरून शोधा की खालून, उत्तर तेच. ज्या मालाचा भाव बदललेला नाही, त्याचे प्रत्येक बिल बरोबर. साखरेत किलोमागे एका रुपयाचा फरक, तो डोळ्यांत भरत नाही. आणि ज्याचा भाव सर्वांत जास्त हलला, तिथे सर्वांत मोठी खोट. पडद्यावर लाल खूण नाही, #N/A नाही, काही नाही. १४२ हा आकडा खोटा नसून केवळ जुना आहे, आणि जुना आकडा दिसायला अगदी खऱ्यासारखा असतो.

पुतण्याने सुचवलेला पहिला उपाय होता जुन्या ओळी पुसून टाकण्याचा. मग प्रत्येक मालाची एकच नोंद राहील आणि प्रश्नच मिटेल, असे त्याला वाटले. पण त्याने भावांचा इतिहास जातो. एप्रिलमध्ये कोणत्या भावाने माल विकला याची चौकशी पुढे गिऱ्हाईक करील किंवा हिशेब तपासणारे करतील, तेव्हा दाखवायला काही उरणार नाही. बँकेत व्याजाचा दर बदलला म्हणून जुन्या दराचे परिपत्रक कुणी फाडून टाकत नाही. यादीत भर घालावी, खोडाखोड करू नये, ही वहीची शिस्त संगणकावरही राखली पाहिजे. बदलायची होती ती यादी नव्हे, तर शोधण्याची दिशा.

XLOOKUP ला एकूण सहा गोष्टी सांगता येतात. पहिल्या तीन वर आल्याच. चौथी जागा, काही सापडले नाही तर काय लिहायचे याची. पाचवी match_mode ची, म्हणजे जुळणी नेमकी हवी की जवळपासची चालेल. तिथे 0 म्हणजे नेमकी. सहावी search_mode ची, म्हणजे शोध कोणत्या टोकाकडून. सहाव्या जागी 1 असेल किंवा काहीच नसेल तर वरून खाली, आणि -1 असेल तर खालून वर. तेव्हा सूत्र असे झाले:

```
=XLOOKUP(B2,Rates[Item],Rates[Rate],"दर नाही",0,-1)
```

आता शोध १३ मेच्या ओळीपासून सुरू होतो, तिथेच तूरडाळ भेटते आणि १५५ हे उत्तर मिळते. साखरेला ४१ मिळतात. चणाडाळीसाठी शोध वर सरकत जातो आणि १ एप्रिलच्या ओळीवर ८४ सापडतात. एका उणे एकने मुनीमजींची सवय संगणकाला लागली.

मात्र हा -1 नेमका सहाव्याच जागी पडला पाहिजे. स्वल्पविराम मोजताना एक राहून गेला आणि तो पाचव्या जागी पडला तर एक्सेल तक्रार करत नाही, कारण तिथेही -1 ला अर्थ आहे, आणि तो अगदी निराळा आहे: ‘नेमके नाव मिळाले तर ते घे, नाहीतर त्याच्या आधीचे जवळचे घे.’ तूरडाळ हे नेमके नाव यादीत असल्यामुळे सूत्र पुन्हा वरून शोधून १४२ च आणते, आणि आपली समजूत मात्र सूत्र दुरुस्त झाल्याची असते. याहून वाईट म्हणजे यादीत नसलेला माल बिलात आला, समजा मटकी, तर ‘दर नाही’ असे लिहून न येता वर्णक्रमाने तिच्या आधी येणाऱ्या मालाचा, इथे तूरडाळीचा, भाव मटकीसमोर येऊन बसतो. म्हणून पाचव्या जागी 0 आवर्जून लिहावा. तो लिहिला की सहावी जागा डोळ्यांना स्पष्ट दिसते.

सहाव्या जागी आणखी दोन पर्याय पडद्यावर दिसतात, 2 आणि -2. उणे दोन म्हणजे आणखी खालून, असे कुणाला वाटेल, तसे नाही. ती शोधाची वेगळी पद्धत आहे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधोमध उघडतो आणि मग पुढे किंवा मागे जातो, तशी. त्यासाठी शोधायचा स्तंभ क्रमाने लावलेला असावा लागतो, 2 साठी चढत्या आणि -2 साठी उतरत्या क्रमाने. भावाची यादी तारखेप्रमाणे वाढत जाते, मालाच्या नावाप्रमाणे नव्हे. तिथे हे दोन्ही पर्याय चुकीची उत्तरे देऊ शकतात, आणि तीही मुकाट्याने. आपल्या कामाचा आकडा -1 एवढाच.

इथे थांबले तरी अनेक दुकानांचे काम भागेल. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला इथे आणखी एक प्रश्न पडतो. संगणकाने आपल्याला यादीतली शेवटची ओळ दिली. आपल्याला हवा आहे सर्वांत अलीकडचा भाव. या दोन गोष्टी एकच आहेत का?

नोंदी तारखेच्या क्रमाने होत असतील तोवर आहेत. पण समजा २२ एप्रिलचा १४८ हा भाव त्या दिवशी लिहायचा राहिला आणि १३ मेची नोंद झाल्यानंतर कुणी तो तळाशी लिहिला. तारीख बरोबर २२ एप्रिल, जागा मात्र शेवटची. आता खालून शोधल्यावर १४८ मिळतील. किंवा कुणी ताजे भाव वर दिसावेत म्हणून यादी तारखेच्या उतरत्या क्रमाने लावली, तर तूरडाळीची शेवटची ओळ १ एप्रिलची होईल आणि दुरुस्त केलेले सूत्रच १४२ आणू लागेल. -1 ला तारीख कळत नाही. त्याला फक्त ओळींचा क्रम कळतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. २५ एप्रिलला १४८ च्या भावाने १०० किलो तूरडाळीचे १४,८०० रुपयांचे बिल दिले होते. सूत्र त्या बिलाच्या ओळीतही आहेच. १३ मेला यादीत १५५ ची नोंद झाली, त्या क्षणी फाईलमधले एप्रिलचे बिल आपोआप १५,५०० चे होते. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद एक सांगतो आणि आपली फाईल दुसरे. महिन्याच्या विक्रीची बेरीज हलते आणि येणे बाकी जुळत नाही.

व्याजाच्या दरांबाबत बँकेत एक शब्द कायम वापरला जाई, ‘या तारखेपासून लागू’. दर म्हणजे नुसता आकडा नव्हे. आकडा आणि तो लागू झाल्याची तारीख मिळून दर होतो. एखाद्या महिन्याचे व्याज काढताना आजचा दर लावत नाहीत, त्या महिन्यात लागू असलेला लावतात. बिलाचा भावही तसाच विचारायला हवा: बिलाच्या तारखेपर्यंत लागू झालेल्या नोंदींपैकी सर्वांत अलीकडची कोणती?

हा प्रश्न दोन पायऱ्यांत विचारणे सोपे जाते. बिलाच्या पानावर E स्तंभात आधी ती लागू तारीख काढावी:

```
=MAXIFS(Rates[Date],Rates[Item],B2,Rates[Date],"<="&A2)
```

MAXIFS म्हणजे अटी घालून काढलेला सर्वांत मोठा आकडा. एक्सेलच्या पोटात तारीख हा आकडाच असतो, त्यामुळे सर्वांत मोठी तारीख म्हणजे सर्वांत अलीकडची. अटी दोन: माल तोच हवा आणि तारीख बिलाच्या तारखेच्या पुढची नको. २५ एप्रिलच्या बिलाला २२ एप्रिल मिळेल, २० मेच्या बिलाला १३ मे. मग D स्तंभात भाव:

```
=XLOOKUP(1,(Rates[Item]=B2)*(Rates[Date]=E2),Rates[Rate],"दर नाही",0,-1)
```

दिसायला हे थोडे अवघड आहे, पण अर्थ सरळ आहे. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारले जातात: माल जुळतो का, तारीख जुळते का? होय म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. दोन्ही उत्तरांचा गुणाकार दोन्हीकडे ‘होय’ असेल तरच एक येतो. त्या एकला सूत्र शोधते. आता यादी चढती असो, उतरती असो, नोंद उशिरा झालेली असो, २५ एप्रिलला १४८ आणि २० मेला १५५ च मिळतात. बिलाच्या तारखेआधीची एकही नोंद नसेल तर E मध्ये शून्य येते, ते कुठेच जुळत नाही आणि ‘दर नाही’ असे लिहून येते. रकमेच्या जागी मग #VALUE! दिसते. ते बरेच आहे. दिसणारी अडचण न दिसणाऱ्या चुकीपेक्षा स्वस्त पडते.

शेवटचा -1 इथेही ठेवला आहे, तो एकाच दिवशी दोनदा बदललेल्या भावासाठी. १३ मेला सकाळी १५५ आणि दुपारी १५७ असे झाले तर तारीख दोन्हींची एकच. त्यांतली खालची, म्हणजे नंतर लिहिलेली नोंद धरली जाईल. सकाळी दिलेले बिल मात्र त्यामुळे १५७ वर जाईल, कारण यादीत वेळ लिहिलेली नाही. त्यावर खरा उपाय सूत्रात नाही, रीतीत आहे. बिल छापून गिऱ्हाइकाला दिले की त्या ओळीतला भाव कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवावा. सूत्र जाते, आकडा राहतो. सही झालेल्या कागदावरचा आकडा पुन्हा हलता कामा नये.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक बारीक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे, ती म्हणजे मालाचे नाव. १३ मेची नोंद करताना कुणी ‘तूरडाळ’ ऐवजी ‘तुरडाळ’ लिहिले, किंवा ‘तूर डाळ’ असे तोडून लिहिले, किंवा नावामागे एक रिकामी जागा सोडली, तर वाचणाऱ्या माणसाला ती तूरडाळच, संगणकाला मात्र निराळा माल. तो ती ओळ ओलांडून वर जातो, २२ एप्रिलच्या ओळीत नाव नेमके जुळते आणि १४८ आणतो. इथे ‘दर नाही’ सुद्धा दिसत नाही, कारण दर सापडलेला आहे, फक्त एका नोंदीने मागचा. नाव फारच वेगळे असते तर चूक लगेच कळली असती. ते जवळजवळ बरोबर असते, म्हणून कळत नाही.

यासाठी मालाची नावे एका वेगळ्या यादीत एकदाच लिहावीत आणि भावाच्या व बिलाच्या पानावर नाव टाइप न करता Data Validation मधल्या List ने त्या यादीतून निवडावे. जुन्या नोंदी तपासायच्या तर =COUNTIF(Rates[Item],B2) हे सूत्र नाव किती वेळा आले ते सांगते. तूरडाळीचा भाव तीनदा नोंदवल्याचे आपल्याला ठाऊक आहे आणि उत्तर दोन आले, तर एक नोंद वेगळ्या शुद्धलेखनाने कुठेतरी बसली आहे असे समजावे. तारखांनाही हेच लागू. तारीख सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसली आणि आपण मुद्दाम तशी मांडणी केलेली नसेल, तर ती बहुधा तारीख नसून नुसती अक्षरे आहेत. MAXIFS ती मोजत नाही. भाव लिहायचा राहिलेली ओळही ध्यानात ठेवावी. तिथून सूत्र शून्य आणते.

ज्यांच्याकडे एक्सेल २०१६ किंवा २०१९ आहे त्यांना XLOOKUP मिळत नाही, तिथे #NAME? दिसते. एक्सेल २०२१ पासून आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ते आहे, गूगल शीट्समध्येही आहे. जुन्या एक्सेलमध्ये शेवटची नोंद आणण्याची एक जुनी युक्ती अजून चालते:

```
=LOOKUP(2,1/(Rates[Item]=B2),Rates[Rate])
```

यात जुळणाऱ्या ओळीला एक मिळतो आणि न जुळणाऱ्या ओळीत शून्याने भागल्यामुळे त्रुटी येते. LOOKUP त्रुटी सोडून देते, दोन हा आकडा शोधत तळापर्यंत जाते, तो मिळत नाही म्हणून शेवटच्या एकवर थांबते. उत्तर -1 सारखेच, मर्यादाही त्याच.

आपल्या दुकानाची फाईल कोणत्या टोकाकडून वाचते हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ज्या मालाचा भाव वर्षभरात सर्वांत जास्त वेळा बदलला तो निवडावा, कारण स्थिर भावाचा माल या परीक्षेत नेहमीच उत्तीर्ण होतो. त्या मालाची तीन बिले घ्यावीत: एक पहिल्या भावाच्या काळातले, एक मधले आणि एक कालचे. छापील बिलावरचा भाव आणि फाईलमधला भाव शेजारी लिहावा. तिन्हींना पहिलाच भाव आला असेल तर सहावी जागा रिकामी आहे. तिन्हींना आजचाच आला असेल तर -1 आहे, पण तारीख विचारलेली नाही. तिन्ही ज्याच्या त्याच्या जागी जुळले, तर ती फाईल मुनीमजींसारखी वाचते आहे.